‘ग्रेड ए’ दिसायला ठीक, पण आतलं काय?

*मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचा आहे. नवा बजेटमध्ये बसत नाही, म्हणून तीन पर्याय काढून ठेवलेत. पहिला ‘रिफर्बिश्ड, ग्रेड ए’: किंमत नव्याच्या जवळपास निम्मी, विक्रेत्याची 6 महिने वॉरंटी, 7 दिवसांत रिप्लेसमेंट. दुसरा ‘ओपन बॉक्स, एक्सलंट’: अगदी अलीकडचं मॉडेल, किंमत एक दशांशाने कमी, 10 दिवसांत रिटर्न. तिसरा कंपनीनेच रिफर्बिश केलेला: पाव किंमत कमी, 1 वर्ष वॉरंटी, 14 दिवसांत रिटर्न. माझा कल पहिल्याकडे आहे. ग्रेड ए म्हणजे वरचाच दर्जा, आणि काही निघालंच तर 7 दिवसांत परत करता येईल. यजमान म्हणतात, ओपन बॉक्स घे, तो नवाच असतो, फक्त खोका उघडलेला. रिफर्बिश्ड म्हणजे बिघडून दुरुस्त केलेला माल. कोणाचं खरं मानू?*

ताई, तुमचं आणि यजमानांचं, दोघांचंही अर्धं खरं आहे. पण दोघंही ग्रेडकडून एक अपेक्षा करताय, जी ग्रेड बहुतेक वेळा पूर्ण करत नाही. यंत्र आतून कसं आहे हे तिने सांगावं, असं तुम्हाला वाटतंय. ग्रेड सांगते ती यंत्र बाहेरून कसं दिसतं ते.

रिफर्बिशिंगच्या कामात दोन वेगळी टेबलं असतात असं समजा. एका टेबलावर चाचणीचं सॉफ्टवेअर चालतं. कीबोर्डचं प्रत्येक बटण, सगळे पोर्ट, कॅमेरा, माइक, स्पीकर, वाय-फाय, बॅटरी, डिस्क हे सगळं तपासून पास-नापास ठरतं. दुसऱ्या टेबलावर माणूस बसलेला असतो. तो झाकण पुसतो, दिव्याखाली तिरकं धरून ओरखडे बघतो, कोपऱ्यांना पोचे आहेत का ते बोट फिरवून पाहतो, तळहात टेकतो त्या जागेचा रंग उडालाय का आणि वापरून वापरून बटणं चकचकीत झालीत का ते बघतो. मग स्क्रीनवर पूर्ण काळा आणि पूर्ण पांढरा रंग आणून डाग शोधतो. जाहिरातीत दिसणारं ए, बी, सी हे अक्षर या दुसऱ्या टेबलावर चिकटतं. पहिल्या टेबलाचा निकाल तुम्हाला बहुधा ‘पूर्णपणे तपासलेला’ एवढ्या दोन शब्दांत मिळतो. काही ठिकाणी तर पहिलं टेबल नसतंच, नुसतं चालू होतंय का एवढं बघतात.

हे दोन निकाल वेगळे ठेवले पाहिजेत हे त्या उद्योगालाही माहीत आहे. जुनी इलेक्ट्रॉनिक्स हाताळणाऱ्या कंपन्यांसाठी ‘आर2’ नावाचं एक प्रमाणपत्र असतं. त्याच्या वर्गवारीत दिसण्यासाठी एक क्रमांक आणि चालण्यासाठी दुसरा क्रमांक असे स्वतंत्र कोड आहेत. पण ते व्यापाऱ्यांच्या आपसातल्या व्यवहारात दिसतात. ग्राहकापर्यंत येईतो त्यातलं दिसण्याचं तेवढं एक गोंडस अक्षर उरतं.

त्या अक्षरांचा ढोबळ अर्थ असा धरून चाला. ‘ए’ किंवा ‘एक्सलंट’ म्हणजे हातभर अंतरावरून बघितलं तर खुणा दिसू नयेत. अगदी जवळून बारीक रेघा दिसतील. ‘बी’ किंवा ‘गुड’ म्हणजे ओरखडे दिसतात, एखादी कड घासलेली असते, बटणांना चमक आलेली असते, पण स्क्रीन चालू असताना त्रास होईल असं काही नसतं. ‘सी’ किंवा ‘फेअर’ म्हणजे पोचे, ठळक चरे, कधी स्क्रीनवर दाबाचा फिकट ठिपका, पण यंत्र चालतं. त्याखाली ‘डी’ किंवा ‘सुट्या भागांसाठी’ असं लिहिलेलं असेल तर तिकडे फिरकूच नका. ते दुरुस्तीवाल्यांसाठी असतं आणि परत घेण्याचा प्रश्नच नसतो.

ढोबळ म्हटलं, कारण ही शिडी प्रत्येकाची वेगळी आहे. ईबेवरच्या रिफर्बिश्ड मालाच्या पायऱ्या ‘सर्टिफाइड’, ‘एक्सलंट’, ‘व्हेरी गुड’ आणि ‘गुड’ अशा आहेत. म्हणजे तिथे ‘गुड’ ही सगळ्यात खालची पायरी. रिफर्बिश्ड माल विकणाऱ्या बॅक मार्केट या संकेतस्थळावर ‘गुड’च्या खाली ‘फेअर’ आहे, म्हणजे तिथे तोच शब्द मधला. आणि ज्या विक्रेत्याने आपली शिडीच कुठे छापलेली नाही त्याचं ‘ग्रेड ए’ म्हणजे त्याचं त्याच्या मालाविषयीचं मत. त्याच्या पानावर ग्रेडची व्याख्या शोधा. ‘30 सेंटिमीटरवरून खुणा दिसणार नाहीत’, ‘बॅटरी मूळ क्षमतेच्या किमान 80 टक्के’ असं मोजता येणारं काही लिहिलेलं असेल, तर ते अक्षर काहीतरी बांधिलकी घेऊन येतं. नुसतं ‘उत्तम स्थितीत’ लिहिलं असेल तर उद्या भांडायला तुमच्या हातात काही नाही.

आता यातून एक गोष्ट निघते, जी दुकानदार स्वतःहून सांगत नाहीत. एकाच विक्रेत्याकडे एकाच मॉडेलचे ‘ए’ आणि ‘बी’ दोन्ही असतील, तर बहुतेक वेळा दोघांची आतली चाचणी तीच, वॉरंटी तीच आणि रिटर्नची मुदतही तीच असते. किमतीतला फरक झाकणावरच्या ओरखड्यांचा. कॉलेजच्या बॅगेत रोज जाणाऱ्या लॅपटॉपला दोन महिन्यांत तसेही ओरखडे पडणार आहेत. तेव्हा ‘ए’ साठी जास्तीचे पैसे मोजण्यापेक्षा त्याच पैशात ‘बी’ ग्रेडमधलं एक पिढी नवं यंत्र मिळतंय का ते बघा. माझा कल नेहमी तिकडे असतो. फक्त स्क्रीनच्या बाबतीत ‘बी’ मध्ये काय चालतं ते आधी विचारून घ्या, कारण पाठीवरचा चरा रोज दिसत नाही, स्क्रीनवरचा ठिपका दिसतो.

यजमानांच्या ‘बिघडून दुरुस्त केलेला’ याबद्दल. काही माल तसा असतो, नाही असं नाही. पण निम्म्या किमतीतले ‘ग्रेड ए’ लॅपटॉप बहुतांशी कंपन्यांच्या भाडेकरारातून परत आलेले असतात. मोठी कार्यालयं शेकड्यांनी लॅपटॉप 3-4 वर्षांच्या करारावर घेतात आणि मुदत संपली की एकगठ्ठा परत देतात. ही यंत्रं बिघडलेली नसतात, उलट व्यावसायिक मॉडेलं असल्याने सांगाडा मजबूत असतो. त्यांचा दोष दुसरा आहे. ती जुनी असतात, आणि वय ग्रेडमध्ये येत नाही. टेबलावर ठेवून डॉकला जोडून वापरलेला लॅपटॉप 6 वर्षांनीही आरशासारखा दिसतो आणि बिनदिक्कत ‘ए’ मिळवतो.

म्हणून पहिल्या पर्यायाला विचारायचा पहिला प्रश्न ‘दिसतो कसा’ हा नाही, ‘प्रोसेसर कोणत्या पिढीचा’ हा आहे. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 अधिकृतपणे चालायला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते. त्याआधीच्या यंत्रांवरही काही विक्रेते आडवाटेने विंडोज 11 बसवून देतात. ते आज चालतं, पण पुढचे अपडेट येतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. 3 वर्षांच्या शिक्षणासाठी असं यंत्र घेऊ नका, मग ते कितीही चकचकीत असो.

भाडेकरारातून आलेल्या यंत्रांची दुसरी भानगड कुलपाची. आधीच्या कार्यालयाने लॅपटॉप आपल्या व्यवस्थापनात नोंदवलेला असतो, आणि परत देताना ती नोंद काढायची राहून जाते. विक्रेता इंटरनेट न जोडता विंडोज बसवतो, सगळं सुरळीत दिसतं. 4 महिन्यांनी मुलगी काही कारणाने लॅपटॉप रीसेट करते, सुरुवातीच्या स्क्रीनवर वाय-फाय जोडते, आणि समोर कुठल्यातरी अनोळखी संस्थेचं नाव आणि तिथल्या कर्मचाऱ्याचा पासवर्ड मागणारी खिडकी येते. तोवर रिटर्नची मुदत गेलेली असते, आणि वॉरंटीवाला म्हणतो की हार्डवेअर तर ठणठणीत आहे. यावरचा उपाय पुढे येतो, आणि तो पहिल्या दिवशीच करायचा आहे.

आता ओपन बॉक्स. खोका उघडलेला नवा माल हे वर्णन चुकीचं नाही, पण खोका कोणी आणि का उघडला हे त्यात नसतं. कोणाला रंग आवडला नाही, कोणाला दोन भेटी आल्या, कोणाला दुसरीकडे स्वस्त मिळाला. आणि कोणाचा लॅपटॉप आठवड्यातून दोनदा आपोआप बंद पडत होता. चौथ्या माणसाने परत करताना कारण ‘आवडला नाही’ असंच निवडलं असेल, तर दुकानाला कसं कळणार? रिफर्बिश्ड मालावर निदान चाचणीचा एक ठरलेला क्रम असतो. ओपन बॉक्स मालावर पुष्कळदा चालू करून बघणं, डेटा पुसणं आणि सामान मोजणं एवढंच होतं. म्हणजे ‘नवाच’ म्हणताना यजमान ज्या खात्रीने बोलतात, ती खात्री प्रत्यक्षात रिफर्बिश्डवर जास्त मिळू शकते. हे ऐकून त्यांना नवल वाटेल, पण रात्रीच्या जेवणाला विषय होईल.

ओपन बॉक्सच्या ग्रेडमध्ये दिसण्याबरोबर सामानही मोजतात. ‘एक्सलंट’ म्हणजे नव्यासारखा आणि खोक्यातलं मूळ सगळं सामान सोबत. खालच्या ग्रेडमध्ये चार्जर दुसऱ्या कंपनीचा असू शकतो, पेन किंवा केबल नसू शकते. चार्जर फालतू गोष्ट समजू नका. 65 वॉटचा लागणाऱ्या लॅपटॉपला 45 वॉटचा दिला तर तो चार्ज होताना दिसेल, पण जड काम चालू असताना बॅटरी उतरत राहील, आणि तुम्ही दोष बॅटरीला द्याल.

पण तुमच्या दुसऱ्या पर्यायाचं भवितव्य ग्रेडवर नाही, एका तारखेवर अवलंबून आहे. कंपनीची वॉरंटी कधीपासून सुरू झाली? ओपन बॉक्सच्या जाहिरातीत ‘कंपनीची वॉरंटी लागू’ असं बिनधास्त लिहिलेलं असतं, आणि ते खोटंही नसतं. पण काही कंपन्यांच्या नोंदीत वॉरंटीचं घड्याळ पहिल्या खरेदीपासून किंवा पहिल्यांदा यंत्र चालू झाल्यापासून धावायला लागतं. समजा, पहिल्या ग्राहकाने तो 4 महिन्यांपूर्वी घेतला, परत केला, मग तो गोदामात पडून राहिला. 1 वर्षाच्या वॉरंटीतले तुमच्या वाट्याला 8 महिने आले. किमतीत सूट एक दशांश आणि वॉरंटीत घट एक तृतीयांश. हा सौदा मला तरी पटत नाही. उलट, विक्रेत्याने तुमच्या बिलाच्या तारखेपासून पूर्ण वर्ष देतो असं लिहून दिलं, किंवा नोंदीत जेमतेम 2-3 आठवडेच गेलेले दिसले, तर याच पर्यायाला मी पुढे आणेन.

हे तपासणं सोपं आहे. विक्रेत्याकडून सिरीयल नंबर मागायचा आणि लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटी तपासण्याच्या पानावर टाकायचा. शेवटची तारीख समोर येते. नंबर द्यायला तयार नसेल तर मोठ्या दुकानांत ते धोरण म्हणूनही असतं, त्याचा लगेच वाईट अर्थ काढू नका. मग माल हातात आल्याबरोबर, खालचं स्टिकर वाचून, त्याच दिवशी तपासा. 10 दिवसांचा रिटर्न असल्याने तेवढी सोय आहे.

आणि हा ‘रिटर्न’ शब्दच तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त विश्वासाने आलाय, म्हणून त्यावर थोडं थांबू. माल परत जाण्याच्या वाटा तीन आहेत आणि त्या एकमेकींत मिसळू देऊ नका.

पहिली वाट मन बदलण्याची. मालात दोष नाही, पण आवडला नाही. इथे पैसे परत मिळतात का हे बहुतेक ठिकाणी विक्रेत्याच्या धोरणावर असतं. युरोपीय संघात ऑनलाइन खरेदीला कारण न देता 14 दिवसांत मागे फिरण्याचा हक्क कायद्याने दिलाय आणि तो व्यावसायिक विक्रेत्याकडून घेतलेल्या वापरलेल्या मालालाही लागू होतो. पण असा सरसकट हक्क सगळ्या देशांत नाही. जिथे विक्रेता स्वखुशीने देतो तिथे अनेकदा परत पाठवण्याचा खर्च ग्राहकावर असतो, आणि ‘रीस्टॉकिंग फी’ म्हणून किमतीचा काही टक्के भाग कापला जातो. ही फी ओपन बॉक्स आणि रिफर्बिश्डवर लागते की नाही ते अटींच्या पानावर असतं, जाहिरातीच्या पानावर नाही.

दुसरी वाट वर्णनाप्रमाणे नसल्याची. 16 जीबी रॅम लिहिली आणि 8 निघाली, ‘एक्सलंट’ लिहिलं आणि कोपऱ्याला पोचा निघाला, बॅटरी 80 टक्के म्हटलं आणि 60 निघाली. ही वाट सगळ्यात भक्कम. इथे परतीचा खर्च सहसा विक्रेत्याने सोसायचा असतो आणि फी कापू नये. पण ती भक्कम होते ती वर्णनात मोजता येणारं काही लिहिलेलं असलं तरच. म्हणूनच मघाशी ग्रेडच्या व्याख्येवर एवढा जोर दिला. खरेदीच्या दिवशी जाहिरातीच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. माल विकला गेला की ते पान नाहीसं होतं किंवा बदलतं.

तिसरी वाट वॉरंटीची. रिटर्नची मुदत संपल्यावर बिघाड झाला तर इथे पैसे परत मिळणं दुर्मीळ, आधी दुरुस्ती, मग फारतर बदली. रिफर्बिश्डवर विक्रेत्याची वॉरंटी 90 दिवसांपासून 1 वर्षापर्यंत कुठेही असू शकते, आणि तिच्यात बॅटरी पुष्कळदा वगळलेली असते किंवा तिला कमी महिने दिलेले असतात. युरोपीय संघात नव्या मालासाठी विक्रेत्याची कायदेशीर जबाबदारी 2 वर्षांची आहे, आणि वापरलेल्या मालासाठी सदस्य देश ती विक्रेता आणि ग्राहक यांच्यातल्या करारानं कमी करू देऊ शकतात, पण 1 वर्षाच्या खाली नाही. कंपनीनेच रिफर्बिश केलेल्या मालाला ती स्वतः बहुधा पूर्ण वर्षाची वॉरंटी देते. ॲपलचं उदाहरण घ्या: त्यांचा रिफर्बिश्ड माल 1 वर्षाच्या वॉरंटीसह येतो, आणि आयफोनला तर नवी बॅटरी आणि नवं बाहेरचं आवरण घालूनच विकतात. तिथे ए-बी-सी ग्रेडच नाहीत, एकच दर्जा. मला विचाराल तर ग्रेडची गरज नसणं हीच मोठी ग्रेड आहे.

आता तुमचे 7 दिवस. तुम्ही लिहिलंय रिप्लेसमेंट, आणि मनात धरलंय परत करणं. रिप्लेसमेंट म्हणजे पैसे परत नाहीत, तर त्याच ग्रेडचा, त्याच मॉडेलचा दुसरा नग. तो कदाचित त्याच गठ्ठ्यातला, त्याच वयाच्या बॅटरीचा. बदली नग उपलब्ध नसेल तर काय, हा प्रश्न लेखी विचारा. काही जण मग पैसे देतात, काही दुकानातलं क्रेडिट देतात. आणि 7 दिवस कधीपासून? ऑर्डर दिल्यापासून मोजत असतील तर पोचायलाच 4 गेले. घरी आल्यापासून मोजत असतील तर ठीक.

तिन्ही पर्याय समोर ठेवून माझं मत असं. मुलीला 3-4 वर्षं एकच यंत्र चालवायचंय आणि घरात दुरुस्तीची खटपट करणारं कोणी नाही, असं असेल तर तिसरा घ्या. पाव किंमत कमी, 1 वर्ष कंपनीची वॉरंटी आणि 14 दिवस रिटर्न, यात तुम्हाला कुणाच्या शब्दावर विसंबावं लागत नाही. दुसरा तेव्हाच, जेव्हा वॉरंटीची तारीख जवळजवळ पूर्ण वर्ष दाखवते. पहिला मी सरळ खोडत नाही, कारण निम्मी किंमत ही खरी बचत आहे आणि त्यातून उद्या नवी बॅटरी घेता येईल. पण त्याच्या विक्रेत्याला आधी असा निरोप पाठवा: ‘प्रोसेसरचं पूर्ण नाव कळवा. बॅटरीची मूळ आणि सध्याची क्षमता कळवा. 7 दिवसांत दोष निघाला आणि बदली नग नसेल तर पैसे परत मिळतील का? मुदत माल मिळाल्यापासून धरता का? वॉरंटीत बॅटरी येते का?’ चांगला विक्रेता याची उत्तरं एका दमात देतो, कारण चाचणीचा अहवाल त्याच्यासमोर असतो. ‘मॅडम, बेफिकीर राहा, एकदम टॉप कंडिशन’ असं आलं तर तेही एक उत्तरच समजा.

कोणताही घेतलात तरी माल आल्यावर पहिली संध्याकाळ त्याला द्या. खोका उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा, त्यात पार्सलवरचं लेबल आणि लॅपटॉपच्या तळाचा सिरीयल नंबर दोन्ही यावेत. सुरू झाल्यावर सेटिंग्जमधून पूर्ण रीसेट करा आणि सुरुवातीच्या टप्प्यात वाय-फाय जोडूनच पुढे जा. कार्यालयाचं कुलूप असेल तर ते इथेच उघडं पडतं. वेळ लागतो, चहा करून घ्या. मग कमांड प्रॉम्प्ट उघडून हे लिहा:

```
powercfg /batteryreport
```

एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही स्क्रीनवर येतं. ब्राउझरमध्ये उघडली की वरच्या भागात `DESIGN CAPACITY` आणि `FULL CHARGE CAPACITY` अशा दोन ओळी दिसतील. समजा पहिली 50,000 mWh आणि दुसरी 41,000 mWh आहे. 41 ला 50 ने भागलं की 82 टक्के. रिफर्बिश्डमध्ये 80 च्या वर असेल तर ठीक म्हणायचं. 70 च्या खाली असेल आणि वर्णनात 80 लिहिलं असेल, तर तुमची दुसरी वाट उघडली. ओपन बॉक्समध्ये आकडा 100 च्या आसपासच हवा. तिथे 90 दिसले तर ‘फक्त खोका उघडला होता’ हे बहुधा खरं नाही. खाली `CYCLE COUNT`, म्हणजे बॅटरी किती वेळा पूर्ण वापरून चार्ज झाली, ही ओळ असते, सगळे लॅपटॉप ती भरत नाहीत. पण ओपन बॉक्समध्ये तिथे 150 दिसलं, तर यजमानांना जरूर दाखवा.

दोन्ही आकडे हुबेहूब सारखे आणि सायकल शून्य, पण यंत्र 5 वर्षं जुनं, असं दिसलं तर बॅटरी बहुधा नवी घातलेली आहे. ती मूळ कंपनीची नसूही शकते. वाईटच असेल असं नाही, पण पूर्ण चार्ज करून व्हिडिओ लावून ठेवा आणि किती वेळ टिकते ते प्रत्यक्ष बघा. टक्के एकदम 40 वरून 5 वर कोसळले तर आकडे खोटं बोलतायत.

बाकी तपासणीत कीबोर्डचं प्रत्येक बटण, प्रत्येक पोर्टमध्ये पेनड्राइव्ह, कॅमेरा-माइक एका व्हिडिओ कॉलवर, आणि अंधाऱ्या खोलीत पूर्ण पांढरी स्क्रीन एवढं पुरे. मग पुढचे 4-5 दिवस मुलीला तो रोज वापरू द्या. अचानक बंद पडणं, गरम होणं, झाकण हलवलं की स्क्रीन लुकलुकणं, ही दुखणी एका संध्याकाळीत दिसत नाहीत. याच कारणासाठी मी 14 दिवसांना 7 पेक्षा दुप्पट नाही, त्याहून जास्त किंमत देतो.

आणि परत करायची वेळ आलीच तर तक्रार आधी विक्रेत्याच्या ॲपवर किंवा ईमेलवर लेखी नोंदवा, नुसतं फोनवर बोलू नका. मुदतीत तक्रार नोंदली गेली की पुढे कुरिअर उशिरा आलं तरी तुमची बाजू राहते. खोका, फोम, प्लास्टिकच्या पिशव्या, चार्जर सगळं मूळ स्थितीत परत द्या. तळाच्या स्क्रूवर सीलचं स्टिकर असेल तर ते काढू नका, ‘आत बघून घेऊ’ म्हणून तर मुळीच नाही. मुलीने तोवर आपलं खातं जोडलेलं असेल तर त्यातून बाहेर पडा, यंत्र शोधण्याची सोय बंद करा आणि रीसेट करून पाठवा. ग्राहकाच्या खात्याने कुलूपबंद आलेला लॅपटॉप गोदामात नाकारला जातो, आणि मग पैसे अडकतात ते दोषामुळे नाही तर त्या कुलपामुळे.